तक्रार पत्र: ग्लॉसी स्टिकर शीट आणि पारदर्शक फिल्मच्या पाकिटावरील चुकीच्या सूचनांबाबत

दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५
वसमत, जि. हिंगोली

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ए-४ ग्लॉसी स्टिकर शीट (२० नगांची २ पाकिटे) आणि पारदर्शक फिल्म (१० नगांचे १ पाकीट) यांवरील अपुऱ्या व चुकीच्या सूचनांमुळे झालेले नुकसान

महोदय,

वसमतमध्ये माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. तुमचा माल मी तीनेक वर्षांपासून वापरतो. कागद वाईट आहे अशी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाकिटावर जे छापले आहे आणि जे छापायला हवे होते पण छापलेले नाही, त्याबद्दल हे पत्र आहे.

दसऱ्याच्या आधी आमच्या इथल्या एका महिला बचत गटाने हळद पावडरच्या पाकिटांसाठी २०० लेबलांची ऑर्डर दिली. एका शीटवर ८ लेबले बसतात, म्हणजे २५ शीट लागणार. तुमची २० शीटची दोन पाकिटे घेतली, चार-पाच शीट वाया गेले तरी पुरतील या हिशेबाने. लेबलावर वर हळकुंडाचे रंगीत चित्र, खाली काळ्या बारीक अक्षरात वजन, पॅकिंगची तारीख, किंमत आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर. तो नंबर वाचता येत नसेल तर मालच विकता येत नाही, म्हणून ही काळी ओळ चित्रापेक्षा महत्त्वाची.

तुमच्या पाकिटात जी चिठ्ठी आहे तिच्यावर एकच वाक्य आहे: चकाकणारी बाजू वर ठेवून छापा. माझ्या प्रिंटरला कागद घालायच्या दोन जागा आहेत, मागचा उभा फीडर आणि पुढचा खालचा ट्रे. चिठ्ठी वाचून मी पुढच्या ट्रेमध्ये चकाकती बाजू वर करून १० शीट ठेवले. पुढच्या ट्रेतला कागद रोलरभोवती उलटा वळून बाहेर येतो, त्यामुळे तिथे छापायची बाजू खाली ठेवावी लागते. मागच्या फीडरमधून तो वळण न घेता खाली उतरतो, म्हणून तिथे वर. म्हणजे तुमचे वाक्य अर्ध्या प्रिंटरना लागू आहे आणि अर्ध्यांना बरोबर उलटे. माझी हळकुंडे स्टिकरच्या पाठीमागच्या पिवळट मेणकट कागदावर उमटली. तो कागद शाई पीतच नाही. शाई वर तशीच तरंगत राहिली, रोलरला लागली, आणि मी थांबवेपर्यंत तीन शीट गेले. रोलर साफ व्हायला त्यानंतर सहा कोरे कागद नुसतेच फिरवावे लागले, तेव्हा कुठे निळे डाग बंद झाले.

आता तुम्ही म्हणाल, दुकानदाराला एवढे माहीत असायला हवे. असायला हवे, खरे आहे. नेहमी मी मागच्याच फीडरमधून छापतो, त्या दिवशी गर्दीत चुकलो. हे तीन शीट मी नुकसानीत धरत नाही. साध्या कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारायची, तो ट्रेमध्ये ठेवून एक पान छापायचे आणि छपाई फुलीच्या बाजूला आली की पाठीमागे हे पाहायचे. एका कागदात काम होते. हीच गोष्ट चिठ्ठीवर दोन ओळींत लिहिता आली असती.

खरे दुखणे यापुढचे आहे. मागच्या फीडरमधून, चकाकती बाजू वर ठेवून, मी १४ शीट एका दमात छापले. रंग बघून मीच खूश झालो. संध्याकाळी गटाच्या ताई आल्या, त्यांनी एका लेबलावर सहज अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊ, हे तर पुसायलंय की." हळकुंड जसेच्या तसे होते, परवान्याच्या नंबराची मात्र राखाडी रेघ झाली होती. त्यांच्या अंगठ्याला काळे लागले ते वेगळेच.

तुमच्या टोलफ्री नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी २४ तास सुकू द्यायला सांगितले. सुकू दिले. दुसऱ्या दिवशी तेच. मग त्या म्हणाल्या, तुमची शाई लोकल असेल. शाई प्रिंटरच्याच कंपनीची आहे, बाटल्या अजून दुकानात आहेत.

कारण मला प्रिंटरच्या पुस्तिकेत सापडले. माझ्यासारख्या बऱ्याच इंक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि बाकीचे तीन रंग डायचे. पिगमेंट म्हणजे शाईत तरंगणारे बारीक घन कण. साध्या कागदाच्या तंतूंमध्ये ते अडकून बसतात, म्हणून साध्या कागदावरची काळी अक्षरे इतकी ठसठशीत दिसतात. ग्लॉसी शीटवर मात्र तंतू नसतात, वर एक गुळगुळीत लेप असतो. डायची शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असल्यामुळे ती त्या लेपात मुरते. पिगमेंटचे कण वरच राहतात, काजळ लावल्यासारखे. २४ तास काय, २४ दिवस सुकवले तरी बोट लागले की निघणारच.

आणि काळे अक्षर कुठल्या शाईने छापायचे हे प्रिंटर स्वतः कागद बघून ठरवत नाही. माझ्या प्रिंटरला आत कुठला कागद आहे ते कळतच नाही, आपण Media Type मध्ये जे निवडू त्यावर तो विश्वास ठेवतो. माझ्याकडे तिथे नेहमीचेच Plain paper होते. म्हणजे प्रिंटरने काळी ओळ पिगमेंटने छापली. Photo Paper Glossy निवडले की माझा प्रिंटर काळी बाटली बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतो, तो लेपात मुरतो.

खात्री करायला मी एक शीट मधोमध कापला. एका अर्ध्यावर Plain paper, दुसऱ्यावर Photo Paper Glossy, लेबल तेच, दोन्ही मागच्या फीडरमधून. पंधरा मिनिटांनी दोन्हींवर कोरडे बोट दाबून फिरवले. पहिल्यावरची ओळ गेली, दुसऱ्यावरची हलली नाही.

यात काही फुकट मिळत नाही, तेही लिहितो. साध्या सेटिंगवर एक शीट ४० सेकंदांत निघत होता, फोटोच्या सेटिंगवर तीन मिनिटे लागतात. तीन रंगांचा काळा नीट पाहिला तर किंचित तपकिरी वाटतो आणि अगदी बारीक अक्षरांच्या कडा थोड्या फुटतात, म्हणून परवान्याचा नंबर मला ६ वरून ८ पॉइंटवर न्यावा लागला. शिवाय हे सेटिंग एकदा करून भागत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅममधून फाइल उघडली की माझ्याकडे ते परत Plain paper वर जाते, म्हणून दर वेळी Ctrl+P नंतर प्रिंटरच्या Preferences मध्ये जाऊन बघावे लागते. हे सगळे मला चालले असते, फक्त आधी कळायला हवे होते. तुमच्या पाकिटावर कागदाची जाडी आहे, बारकोड आहे, हसणाऱ्या बाळाचा फोटो आहे. कोणते सेटिंग निवडायचे याबद्दल अक्षर नाही.

त्या गडबडीत अजून एक अनर्थ होता होता राहिला. काळे पक्के यावे म्हणून उरलेले शीट घेऊन मी शेजारच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरकडे निघालो होतो, कारण तुमच्या पाकिटावर ठळक लिहिले आहे, "सर्व प्रिंटरसाठी". शेजाऱ्याने शीट हातात घेऊन पाहिला आणि आत घालायला साफ नकार दिला. लेझरमध्ये टोनर वितळवून चिकटवणारा रोलर २०० अंशांच्या आसपास तापतो. इंकजेटसाठी बनवलेला लेप आणि स्टिकरचा गोंद त्या उष्णतेत मऊ होऊन रोलरला चिकटू शकतो. माझे १२ रुपयांचे शीट आणि त्याचा काही हजारांचा फ्यूजर. ही ओळ तुम्ही आजच काढा, माझे पैसे नंतर द्या.

फिल्मचे थोडक्यात. जिल्हा परिषद शाळेच्या एका गुरुजींना मराठवाड्याचा नकाशा दोन फिल्मवर हवा होता, एकीवर आठ जिल्ह्यांच्या हद्दी आणि दुसरीवर नद्या, म्हणजे एकावर एक ठेवून मुलांना दाखवता येईल. फिल्मला लेप एकाच बाजूला आहे, पण दोन्ही बाजू दिसायला सारख्या. पाकिटावर खूण नाही, फिल्मच्या कोपऱ्याला खाच नाही. मी पाकिटात वर असलेली बाजू वर ठेवली आणि गोदावरी अळवावरच्या पाण्यासारखी थेंबाथेंबाने जमा झाली. पूर्णा आणि दुधना तर हात लावताच एकमेकींत मिसळल्या. दोन फिल्म गेल्या. मग बोट किंचित ओले करून तिसऱ्या फिल्मच्या कोपऱ्यावर दोन्हीकडून टेकवले. एका बाजूला बोट जरा चिकटले, दुसऱ्या बाजूला काचेवरून सरकावे तसे सरकले. चिकटते ती लेपाची बाजू. ती वर ठेवून नकाशा नीट आला. गंमत म्हणजे तुमच्या पाकिटात लेपाची बाजू खाली ठेवून भरलेली आहे.

हिशेब असा: पुसून गेलेले १४ शीट आणि तपासणीचा १, असे १५ शीट प्रत्येकी १२ रुपयांनी १८० रुपये. दोन फिल्म प्रत्येकी १९ रुपयांनी ३८. एकूण २१८ रुपये. सगळे धरून ४० पैकी माझ्याकडे २२ शीट उरले होते, २५ पूर्ण करायला तिसरे पाकीट फोडावे लागले, त्याचे पैसे मागत नाही, कारण ते पुढे वापरात येईल. ताईंची लेबले दोन दिवस उशिरा गेली, त्याचाही हिशेब मांडत नाही.

पैशांसोबत मला तीन गोष्टी लेखी हव्या आहेत. "सर्व प्रिंटरसाठी" काढून "फक्त इंकजेट" छापाल का. कोणत्या ट्रेमध्ये कोणती बाजू आणि Media Type मध्ये काय निवडायचे, हे चिठ्ठीवर मराठीत द्याल का. फिल्मच्या एका कोपऱ्याला खाच पाडाल का. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन. दुकानदार म्हणून मी ग्राहक ठरत नाही असे उत्तर कृपया पाठवू नका, स्वतःच्या रोजीरोटीसाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धरला जातो.

सोबत दोन्ही पावत्यांच्या प्रती, थेंब झालेली गोदावरी आणि मधोमध कापलेल्या शीटचे दोन अर्धे जोडले आहेत. पाठीमागे पेनने सेटिंग लिहिले आहे. प्रत्येकावरची तीन लेबले मुद्दाम न पुसता ठेवली आहेत. टोलफ्रीवरच्या बाईंना त्यावर एकदा बोट फिरवायला सांगा.

आपला,
दुकानदार, वसमत
(नाव व फोन नंबर पावतीवर आहे)