कार्ड सासरचे, बाळंतपण माहेरचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सीमाभागातली निम्मी सोयरीक पलीकडची. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या मुली चंदगड, आजरा, गडहिंग्लजला दिलेल्या, तिकडच्या मुली इकडे सुना म्हणून आलेल्या. निपाणीचे तेच कागलशी. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही रीत अजून घट्ट आहे. गरोदरपणाची नोंद मात्र एका राज्यात होते, बाळ दुसऱ्या राज्यात जन्मते आणि मधल्या मध्ये बाईचे पैसेही अडकतात, तपासणीचा हिशेबही चुकतो. मी उपकेंद्रात आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी केली आहे. निवृत्त झाले तरी लोक कागद घेऊन घरी येतातच, म्हणून हे लिहिते.

गेल्या वर्षीचेच एका नव्या सुनेचे उदाहरण घेते. सासर खानापूर तालुक्यात, माहेर चंदगड तालुक्यात. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १० फेब्रुवारी २०२५. बारा आठवडे ५ मे रोजी पूर्ण होत होते आणि त्याच्या आत नोंद व्हायला हवी होती. 'तीन महिने कुणाला सांगू नये' म्हणून घरचे थांबले होते, पण आशाताईंनी मागे लागून एप्रिलच्या शेवटी तिला उपकेंद्रात आणले. तिथे तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातले गरोदरपणाच्या नोंदीचे कार्ड, मिळाले. कार्डावर बारा अंकी आरसीएच क्रमांक, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी नोंदीचा क्रमांक, असतो. माझ्या मते त्या कार्डावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच, कारण कार्ड हरवले तरी क्रमांकावरून सगळी नोंद सापडते. त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

नोंदणीला आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड आणि मोबाइल नंबर मागतात. यातला एखादा कागद नसला तरी तपासणी थांबवायची नसते. कागद नंतर जोडता येतात, गेलेले आठवडे परत येत नाहीत. पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीतली साखर व प्रथिने, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब हे सगळे मोफत होते. पुढच्या भेटी साधारण १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तेव्हा निदान एकदा तरी जावेच. शहरातल्या खासगी डॉक्टरची फाइल कितीही जाडजूड असली तरी तेवढ्याने हा क्रमांक मिळत नाही. खासगीत दाखवणाऱ्यांनीही उपकेंद्रात नाव घालायचे असते, हे बेळगाव शहराजवळच्या गावांत फारसे कुणी सांगत नाही.

आता पैशांचे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांत नोंद आणि निदान एक तपासणी झाली की ३००० रुपये, बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २०००. आपल्याकडे हा अर्ज अंगणवाडीतून भरला जातो. pmmvy.wcd.gov.in वर स्वतःही भरता येतो. या सुनेचा अर्ज मे महिन्यात भरला गेला, तरी जुलै उजाडला आणि पासबुकात काही जमा नाही. सासूबाईंनी अंगणवाडीच्या बाईंना बरेच बोलून घेतले. दोष त्यांचा नव्हताच.

या योजनेचे पैसे आपण झेरॉक्स दिलेल्या पासबुकावर जातील असे सगळे धरून चालतात. ते जातात आधारला जोडलेल्या खात्यात, आणि अशी थेट रक्कम घेणारे खाते एका आधारला एकच असते, सर्वांत शेवटी जोडलेले. या मुलीने लग्नाआधी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन मोबाइलवर चालणारे एक खाते उघडून दिले होते. तिला ते आठवतही नव्हते. ३००० रुपये तिथे जाऊन बसले होते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की आधार सध्या कोणत्या बँकेला जोडले आहे ते दिसते. हे अर्ज भरण्याआधी बघावे. खाते चुकीचे असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरायचा आणि स्टेटस बदलले की मग अर्ज. खाते बाईच्या स्वतःच्या नावाचे हवे, नवऱ्याचे चालत नाही.

दुसरी अडचण रेशन कार्डाची. या योजनेला पात्रता दाखवणारा एक कागद लागतो. नव्या सुनेचे नाव बहुधा अजून माहेरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या कार्डावर असते. तिकडून कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय इकडे चढत नाही आणि त्यात महिने जातात. पण बीपीएल कार्ड हा एकच मार्ग नाही. ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, पीएम किसानची नोंद, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा वार्षिक आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाचा दाखला, यांतले काहीही एक चालते. शेतमजुरी करणाऱ्या किंवा घरी शिलाई करणाऱ्या मुलीला ई-श्रम कार्ड तिच्या आधारवर काढता येते. रेशन कार्डासाठी अर्ज अडवून ठेवलेल्या बाया मी पाहते तेव्हा चीड येते.

खरा गोंधळ मात्र माहेरी होतो. सप्टेंबरमध्ये ही मुलगी चंदगडकडे गेली, कार्ड सासरी कपाटात राहिले. तिथल्या सिस्टरनी नवे नाव घातले. पाळीची तारीख विचारली तेव्हा मुलगी कावरीबावरी झाली आणि तिची आई म्हणाली, 'होळीच्या आसपास असेल.' २०२५ ची होळी मार्चच्या मध्यावर होती, म्हणजे एका महिन्याची चूक. खऱ्या तारखेने बाळंतपण १७ नोव्हेंबरच्या सुमारास, नव्या कार्डाप्रमाणे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. बाळ १४ नोव्हेंबरला जन्मले, चांगले पूर्ण दिवसांचे. कागदावर ते पस्तीस आठवड्यांचे ठरले. इथे निभावले, पण कळा वेळेवर आल्या नसत्या तर? दिवस भरून वर गेलेल्या बाईला 'अजून महिना आहे, घरी जा' असे सांगितले गेले असते. पैशांपेक्षा मला या चुकीची भीती जास्त वाटते.

हे टाळणे अवघड नाही. आरसीएचची नोंद केंद्राचीच पद्धत आहे, दोन्ही राज्यांत तीच चालते. माहेरच्या दवाखान्यात नवे नाव घालायला न सांगता जुना क्रमांक दाखवायचा आणि पुढच्या तपासण्या त्याच क्रमांकावर लिहून घ्यायच्या. पलीकडच्या सिस्टरना आपले कानडी कार्ड वाचता येत नाही ही खरी अडचण आहे, पण क्रमांक आणि तारखा अंकांतच असतात. पाळीची तारीख, रक्तगट, शेवटचे हिमोग्लोबिन आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा एका कागदावर मराठीत लिहून कार्डाला टाचून द्याव्यात. हे काम उपकेंद्रातच पाच मिनिटांत होते. मी नोकरीत असताना माहेरी निघालेल्या प्रत्येकीला असा कागद देत असे.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले तर ते कुठल्याही राज्यात मोफतच आहे. सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळे त्यात आले. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये असतात, तेही कर्नाटक आणि महाराष्ट्रात बीपीएल आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांनाच. जिथे बाळंतपण झाले तिथूनच ते मागायचे. सासरी परत आल्यावर इथल्या दवाखान्याकडे ते मागून उपयोग नाही.

जन्माची नोंदही जिथे बाळ जन्मले तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. महाराष्ट्रातला जन्मदाखला कर्नाटकात चालतो, त्यावरून कुणी अडवले तर ऐकून घेऊ नये. दाखला हातात आल्याशिवाय माहेर सोडू नये, कारण नंतर त्यासाठी पुन्हा सीमेपलीकडे खेप घालावी लागते. बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी कुठेही घ्या, पण पहिल्या कार्डावर तारखांसह लिहून घ्या. या मुलीच्या बाळाची तिसरी लस २० फेब्रुवारी २०२६ नंतर लागू होती आणि ती वेळेवर झाली. पण नोंद दुसऱ्या क्रमांकावर होती म्हणून २००० रुपयांचा हप्ता अडला. शेवटी अंगणवाडी आणि उपकेंद्राने पहिला क्रमांक कायम ठेवून दुसऱ्या कार्डावरच्या तारखा त्यावर चढवल्या, तेव्हा हप्ता सुटला. उशीर झालेल्यांनी घाबरू नये, बाळाच्या जन्मानंतर २७० दिवसांपर्यंत अर्ज घेतला जातो.

दुसऱ्या खेपेबद्दल फार थोड्यांना माहीत आहे. दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६००० रुपये एकरकमी मिळतात, पण नोंद गरोदरपणातच झालेली हवी. दुसऱ्या वेळी 'सगळे माहीत आहे' म्हणून बायका उपकेंद्रात उशिरा येतात किंवा येतच नाहीत आणि मुलगी झाल्यावर अर्जासाठी धावतात.

या पत्राद्वारे संबंधित खात्यांना तीन विनंत्या आहेत. खानापूर, बेळगाव, निपाणी तालुक्यांतल्या उपकेंद्रांत आणि अंगणवाड्यांत लागणाऱ्या कागदांची यादी कानडीबरोबर मराठीतही लावावी. कार्ड कानडीत आहे ते असू द्या, निदान भिंतीवरचा फलक तरी वाचता यावा. माहेरी जाणाऱ्या गरोदर बाईला आरसीएच क्रमांक आणि पाळीची तारीख लिहिलेली चिठ्ठी उपकेंद्राने स्वतःहून द्यावी आणि पलीकडच्या दवाखान्यांनी नवे नाव घालण्याआधी जुना क्रमांक विचारावा. तिसरी विनंती अंगणवाडीच्या अर्जाची. तो भरला की त्याची तारखेसह पोच बाईच्या हातात मिळावी. आज बहुतेकींकडे अर्ज केल्याचा एकही कागद नसतो. अर्ज नाकारला गेला की नुसताच पडून आहे, हे त्यामुळे त्यांना सांगता येत नाही आणि तक्रारीसाठी योजनेच्या मदत क्रमांकावर फोन केला तरी पुढे काय बोलायचे ते कळत नाही.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
ता. खानापूर, जि. बेळगाव