सकाळची हजेरी

प्रिय आई-बाबा,

रविवारी बेळगावहून निघताना घाईत जे सांगितलं ते निम्मं बाबांना पटलं नाही आणि निम्मं आईला ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते आहे. आधी सांगून टाकते: तुमच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल मी गुरुजींशी बोलले आहे. येत्या सोमवारपासून सकाळचं चित्र एकच येईल, रोज एकाच्या पाळीनं. बाबा, तुम्ही अ‍ॅडमिन, म्हणून गुरुजींनी आधी तुमचीच परवानगी मागितली. ती मीच देऊन टाकली. रागावू नका.

शेवटच्या घरातल्या काकांचं पुन्हा उकरत नाही. पण साडेसहाला त्यांनी लिहिलेलं "चक्कर येते, कोणीतरी या" हे सूर्योदय, गुलाब आणि सुविचारांच्या खाली गेलं, आणि दुपारी व्हॅक्सिन डेपोला फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एकानं सहज वर सरकवून बघितलं तेव्हा कुठे कळलं. चित्रं पाठवणाऱ्या कुणाचा त्यात दोष नव्हता. आणि बाबा, चित्रं बंदच करावीत असंही मी म्हणत नाही. तुम्ही म्हणालात ते खरंच आहे, ते गुलाबाचं फूल म्हणजे 'उठलो, बरा आहे' एवढा निरोप असतो. जे एकटे राहतात, ज्यांची मुलं पुण्या-बेंगळुरूला आहेत, त्यांना तो निरोप द्यायला दुसरी जागा नाही. म्हणून निरोप ठेवायचा आणि गर्दी कमी करायची.

असं करायचं. ज्याची पाळी, त्यानं सातच्या आत एक फोटो टाकायचा, शक्यतो स्वतः काढलेला. अंगणातला पारिजात चालेल, धुक्यातली गल्ली चालेल. बाकीच्यांनी नवीन चित्र न टाकता त्याच फोटोवर बोट दाबून धरायचं, वर इमोजींची ओळ येते, त्यातला हात जोडलेला निवडायचा, किंवा ओळीच्या शेवटच्या '+' वर बोट ठेवून फूल निवडायचं. त्यानं ग्रुपात नवा मेसेज येत नाही आणि फोन वाजतो तो फक्त फोटो टाकणाऱ्याचा. फोटोखालच्या इमोजींवर बोट ठेवलं की कोणी-कोणी हात जोडले त्यांची नावं दिसतात. हीच हजेरी. नऊपर्यंत ज्याचं नाव नाही, त्याला पाळीवाल्यानं फोन करायचा. मेसेज नको, फोनच. चार्जिंग संपलं असेल, नातवानं फोन नेला असेल, बहुतेक वेळा तसंच निघेल. पण विचारल्याशिवाय कळणार नाही. ज्यांची बोटं थरथरतात त्यांनी नुसतं "नमस्कार" लिहिलं तरी हजेरी लागली.

'फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवतील' असं सेटिंग आहे, गुरुजींनी तेच सुचवलं होतं. मी नको म्हटलं. त्यानं चित्रं थांबतील, पण काकांसारखं कोणी अडचणीत असेल तर त्याचीही वाट बंद. आणि नुसते फोटो अडवायची सोय अ‍ॅडमिनलाही नाही, म्हणजे माणसांशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

ते बोलणं तुमचं, बाबा. रोज दहा-बारा चित्रं टाकणाऱ्या अण्णांना ग्रुपात काही लिहू नका, चारचौघांत सांगितलं की माणूस दुखावतो आणि मग गप्पच होतो. त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि पहिली पाळी त्यांनाच द्या. त्यांची बाग एवढी सुंदर, तिचे फोटो कुणी पाहिलेच नाहीत. पहिल्या आठवड्यात कोणी जुन्या सवयीनं चित्र टाकलंच तर त्यालाही हात जोडा, पुसू नका. निधनाची किंवा डॉक्टरांची बातमी असेल तर ती दाबून धरून पिन करा, मग ती वर राहते.

तुमच्या दोघांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरणं मी बंद केलं आहे. आई, आता फोटो आधी धूसर दिसेल, त्यावरच्या बाणावर बोट ठेवलंस की उघडेल. फोन बिघडलेला नाही, दुकानात नेऊ नकोस. चिनूचे व्हिडिओ जागेअभावी उतरत नव्हते, ते आता उतरतील. आणि तू मला रोज पाठवतेस तो गणपती मात्र बंद करायचा नाही. शाळेत जाताना हातावर साखर ठेवायचीस ना, तसं वाटतं मला.

गच्चीवर ओलं असताना फोटो काढायला चढू नका, दोघंही. बाबा, गोळी आधी, फोन नंतर. पाळीची यादी मोठ्या अक्षरात छापून पोस्टानं पाठवली आहे; पोचली की फ्रिजवर लावा आणि अण्णांकडे जाल तेव्हा एक प्रत त्यांना द्या.

तुमची,
बेबी