क्रीडा साहित्य खरेदीच्या मंजुरीबाबत मुख्याध्यापकांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक महोदय,
सादर नमस्कार.

वार्षिक पडताळणीत जडसंग्रह नोंदवहीतील आकडे भांडारातील साहित्याशी जुळले, म्हणजे हरवलेले काहीच नाही. मात्र नोंदवहीत वस्तू मोजली जाते, तिची अवस्था नव्हे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत तातडीची बाब उंच उडीच्या गादीची आहे. वरून ती धडधाकट दिसते आणि कडेला तिची जाडी ४५ सेंटिमीटर भरते, परंतु सगळ्या उड्या एकाच जागी पडत असल्याने मधला फोम दबून जाडी ३० सेंटिमीटरवर आली आहे. तिथे गुडघा रोवून भार दिला की खालची जमीन लागते. आवरणाच्या फाटक्या शिवणीतून पावसाचे पाणीही आत मुरले आहे. आवरण शिवून घेण्याची सूचना यापूर्वी आली होती, पण दबलेला फोम शिवणीने फुगत नाही. फॉस्बरी पद्धतीत खेळाडू पाठीवर पडतो आणि चुकला तर मानेवर, त्यामुळे या गादीवर ती उडी मी बंद केली असून सध्या कमी उंचीवर, पायांवर उतरण्याची कात्री उडीच घेतो. नवी गादी मंजूर व्हावी आणि तिच्यासोबत जलरोधक झाकणही, अन्यथा तिचीही हीच गत होईल.

नोंदवहीत फुटबॉल १४ आहेत. त्यांपैकी ५ सुस्थितीत आहेत. चारांची हवा रातोरात उतरते. पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे व्हॉल्व्हपाशीच येतात, म्हणजे ब्लॅडर शाबूत असून व्हॉल्व्ह बदलून ते वापरात येतील. कोरडी सुई खुपसल्याने व्हॉल्व्ह फाटतो, म्हणून यापुढे सुईला ग्लिसरीन लावूनच हवा भरली जाईल. तिघांचे ब्लॅडर फुटले आहेत, तर दोन इतके अंडाकृती झाले आहेत की फिरवल्यावर डगमगतात. या पाचांचे निर्लेखन करावे. खरी उणीव मात्र वेगळीच आहे. हे सर्व चेंडू ५ क्रमांकाचे आहेत, आणि पाचवी ते सातवीच्या मुलांना त्याहून लहान, ४ क्रमांकाचा चेंडू योग्य ठरतो. तो आपल्याकडे एकही नाही. चाळीसच्या वर्गात पाच जणांमागे एक, या हिशेबाने ८ चेंडू लागतील.

व्हॉलीबॉलच्या जाळीची वरची तार तुटल्याने जाळी मध्ये लोंबते आणि उंची मोजण्यात अर्थ उरत नाही. तेवढी तार बदलली तरी पुरे. गोळे आणि थाळ्या ठीक आहेत, लोखंडाला काय होणार!

दरपत्रके मागवण्यापूर्वी गादी व चेंडूंच्या खरेदीस, दुरुस्तीस आणि निर्लेखनास आपली लेखी मंजुरी मिळावी. निधी एकाच वेळी शक्य नसल्यास गादी आधी घ्यावी, चेंडू पुढच्या सत्रात घेतले तरी चालतील.

आपला विश्वासू,
क्रीडा शिक्षक