मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र : भरलेल्या पैशाची थकबाकी

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी आमच्या जुळे सोलापुरातील चोवीस सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचना फलकावर माझे नाव थकबाकीदार म्हणून लागले. गेल्या वर्षीच्या मार्च महिन्याचे देखभाल शुल्क 1,200 रुपये आणि त्यावर दरमहा 21 रुपये व्याज. हे शुल्क मी खजिनदारांच्या हातात रोख दिले होते आणि पावती मागितल्यावर “पुस्तक संपले आहे, नंतर देतो” असे उत्तर मिळाले होते. एका सूतगिरणीच्या हिशेब विभागात मी एकतीस वर्षे काढली. माझ्या हातून एका रुपयाची चूक राहिली, तर मी रात्री घरी जात नसे. त्या माणसाचे नाव जिन्याखाली लागले आणि माझी पत्नी तीन दिवस खाली उतरली नाही.

मार्चमध्ये नेमके काय घडले, ते कृपया वाचावे. बावीस सभासदांनी पैसे भरले, म्हणजे 26,400 रुपये जमा झाले. त्यांपैकी पंधरा जणांनी खजिनदारांच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर यूपीआयने भरले आणि आम्ही सात ज्येष्ठांनी रोख दिले. त्या रोख रकमेतून खजिनदारांनी सफाई कामगाराला 4,000 आणि पाण्याच्या टँकरला 3,400 रुपये परस्पर दिले (काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात टँकरचा खर्च कुणालाच नवा नाही) आणि उरलेले 19,000 रुपये बँकेत एकरकमी भरले. रोजकीर्दीत जमाही 19,000 एवढीच लिहिली.

मंत्रिमहोदय, 19,000 या आकड्याला 1,200 ने भाग जात नाही. जिथे प्रत्येक घराचे शुल्क सारखे आहे, तिथे एवढ्या एका गोष्टीवरून ही वसुली नसून वसुलीतून खर्च वजा करून उरलेली शिल्लक आहे, हे कळायला हवे होते. रीत अशी की 26,400 पूर्ण जमा धरायचे, प्रत्येक सदनिकेच्या नावे क्रमांकित पावती फाडायची, 7,400 चा खर्च व्हाउचरसह वेगळा दाखवायचा आणि मग 19,000 चा भरणा लिहायचा. आमच्याकडे वर्षअखेरीस खातेवहीत ज्यांच्या मोबाइलमध्ये पुरावा होता, त्या पंधरा जणांचे 18,000 जमा झाले, उरलेले 1,000 “अनामत” म्हणून पडले आणि आम्ही सातही जण थकबाकीदार ठरलो.

पुढची गोष्ट याहून गंभीर आहे. एप्रिलमध्ये त्याच सफाईच्या आणि त्याच टँकरच्या बिलांवर 7,400 रुपयांचा सेल्फचा धनादेश वटला, म्हणजे एकच खर्च दोनदा निघाला. खात्यावर सचिव आणि खजिनदार या दोघांच्या सह्या लागतात, त्या दुसऱ्याने व्हाउचर पाहून पहिल्याला अडवावे म्हणूनच. आमच्या सचिवांनी पुण्यास मुलाकडे जाताना दहा कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवल्या होत्या. ते लबाड नाहीत, परंतु कोऱ्या धनादेशावर सही केल्याने दोन सह्यांचे खाते एका माणसाचे झाले, एवढे त्यांच्या ध्यानात आले नाही.

लेखापरीक्षकांनी यावर शेरा मारला नाही, कारण रोजकीर्दीतील 19,000 आणि पासबुकातील 19,000 जुळत होते. पैसा वहीत येण्याआधीच गळला, तर वही आणि बँक नेहमीच जुळणार. गळती सापडते ती पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि सभासदांकडील पुरावे खातेवहीशी ताडल्यावर, आणि ते कुणी केले नाही. आम्ही सात जणांनी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 83 खाली सहकार खात्याकडे चौकशीचा अर्ज दिला. संबंधित अधिकाऱ्यांनी महिनाभरात सुनावणी लावण्याचा शब्द दिला. त्याला सात महिने झाले. गुडघ्याच्या दुखण्यासह मी चार वेळा त्या कार्यालयाचे जिने चढलो आणि चारही वेळा “साहेब बैठकीला गेले आहेत” एवढेच ऐकून उतरलो. दरवर्षी लेखापरीक्षणाचे शुल्क आमच्याकडून वेळेवर घेतले जाते, विवरणपत्रास उशीर झाला की नोटीस येते. मग सभासदाच्या 1,200 रुपयांचा माग घेण्याची जबाबदारी या संपूर्ण खात्यात कुणाची आहे?

माझी मागणी मोठी नाही. संस्थेचे शुल्क कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात घेण्यास स्पष्ट मनाई करावी आणि संस्थेच्या खात्याचाच क्यूआर कोड फलकावर लावणे बंधनकारक करावे. बँकेच्या नोंदीत सदनिकेचा क्रमांक येईलच असे नाही, म्हणून प्रत्येक रकमेची पावती त्याच दिवशी सदनिकेच्या नावे फाडली जावी. लेखापरीक्षकाने निदान दोन महिन्यांच्या स्थळप्रती खातेवहीशी ताडून पाहिल्याचे अहवालात लिहावे.

आमची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी होणार आहे. त्या सभेत थकबाकीदारांची यादी वाचली जाईल. तत्पूर्वी आमच्या अर्जाची सुनावणी लावावी आणि सातही नावे त्या फलकावरून उतरवावीत.

आपला,
एक सभासद, जुळे सोलापूर