क्वांटम यंत्राचे कच्चे बिट कोण पाहतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्वांटम रँडम नंबर जनरेटरवरचा, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही असे ० आणि १ काढणाऱ्या यंत्रावरचा, आपल्या अंकातला लेख आवडला. पण ‘या यंत्रात पक्षपात शिरूच शकत नाही’ हे वाक्य खटकलं. सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांना प्रकाशशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही.

यंत्राचा गाभा सोपा आहे. एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, अर्धपारदर्शक आरशावर सोडायचा. आरपार गेला तर एक डिटेक्टर वाजतो, तो ०. परावर्तित झाला तर दुसरा, तो १. कुठला वाजेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. इथवर लेख बरोबर आहे.

पण आरसा काटेकोर निम्मे-निम्मे करत नाही, आणि दोन्ही डिटेक्टर सारखे तरबेज नसतात. समजा, १००० बिटांत ५२० वेळा १ आला. त्यावर जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये मांडलेली युक्ती आहे: बिट जोडीने घ्यायचे, ०१ आलं तर ० लिहायचा, १० आलं तर १, आणि ००, ११ टाकून द्यायचे. ०१ आणि १० दोन्हींची शक्यता ०.४८ गुणिले ०.५२, म्हणजे सारखीच. झुकाव गेला, मात्र १०० कच्च्या बिटांतून हाती सरासरी २५च उरले.

खरी गोम पुढेच आहे. ही युक्ती प्रत्येक बिट आधीच्या बिटापासून स्वतंत्र असेल तरच चालते. डिटेक्टर एकदा वाजला की थोडा वेळ आंधळा होतो, धरा ५० नॅनोसेकंद. तेवढ्यात दुसरा फोटॉन त्याच्याकडे आला तर नोंदच होत नाही. शेजारच्याकडे गेला तर होते. फोटॉन फार दाट सोडले की आपल्याकडच्या यंत्रमागावरच्या धोट्यासारखं होतं: एकदा उजवीकडे, मग डावीकडेच. टोकाला गेलं तर ०१०१०१ अशी ओळ येईल. तिच्यात ० आणि १ समसमान, मोजणाऱ्याला काहीच वावगं दिसणार नाही. आणि फॉन नॉयमनच्या चाळणीतून बाहेर पडतील नुसती शून्यं!

हा दोष पकडायला ‘लागोपाठ तोच बिट किती वेळा आला’ हे पाहावं लागतं. झुकाव किरकोळ असेल तर ते प्रमाण निम्म्याच्या आसपास हवं. उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीनंतर दोन्ही डिटेक्टर सावरेपर्यंत थांबणं. पण मग सेकंदाला २ कोटी नोंदींच्या वर जाताच येत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच.

आणि हे सगळं कच्च्या बिटांवरच तपासायला हवं. गाळून आलेल्या बिटांवर नेहमीच्या सांख्यिकी चाचण्या लावून उपयोग नाही; त्या तर π या संख्येचे द्विमान अंकसुद्धा पास होतात, आणि ते कुणालाही गणिताने काढता येतात.

पुढच्या वेळी अशा यंत्राची बातमी छापताना बनवणाऱ्याला एवढं जरूर विचारा: कच्चे बिट ग्राहकाला वाचता येतात का?

आपला,
एक प्राध्यापक, सोलापूर