कॉलमच्या पायथ्याशी उघडी पडलेली गिट्टी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात मे महिन्यातील भर दुपारी बांधकामे चालू असलेली दिसतात, तेव्हा साइटवरच्या माझ्या पहिल्या वर्षातला एक प्रसंग आठवतो. तो आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

तळमजल्याच्या एका कॉलमचे शटरिंग उघडले, तेव्हा पायथ्याशी वीतभर भागात सिमेंटचा मागमूस नव्हता आणि नुसती गिट्टी दिसत होती. तिथे सळयांचे जोड आल्यामुळे दाटी होती, उन्हाने काँक्रीट लवकर घट्ट झाले होते आणि शटरच्या खालच्या फटीतून सिमेंटची पातळ स्लरी वाहून गेली होती. ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल तळापर्यंत पोहोचली की नाही हे मी पाहिलेच नव्हते, कारण त्या वेळी मी दुसऱ्या टोकाला मोजमापे घेत होतो आणि तरीही ओतकामाच्या कार्डावर माझीच सही होती.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, एवढं तर होतंच. आत्ता माल लावून देतो, छपाईखाली दिसणार नाही." ते वयाने माझ्या वडिलांएवढे होते, बरेचसे काम मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो आणि वरच्या स्लॅबचे काँक्रीट दोन दिवसांवर आले होते.

मी हातोडीने ठोकून पाहिले. डागाच्या बाहेरही बराच वर हात जाईपर्यंत आवाज पोकळ येत होता. मग बांधणीच्या तारेचा तुकडा खड्यांमधून आत सारला, तर तो सळईवरचे काँक्रीटचे ४० मिलिमीटरचे कव्हर ओलांडून सळयांभोवतीच्या रिंगेच्याही मागे गेला. दोष केवळ पृष्ठभागावरचा असता तर मिस्त्रींचे म्हणणे बरेचसे खरे ठरले असते, परंतु इथे भार घेणारा गाभाच पोकळ होता आणि वरून माल लावल्याने तो भरणार नव्हता.

ती रात्र मी जागून काढली. सकाळी फोटो काढले, साइटच्या रजिस्टरमध्ये माझ्या चुकीसह सारे लिहिले आणि स्ट्रक्चरल डिझायनरना फोन केला. त्यांनी स्लॅब थांबवायला सांगितला. कॉलमवर अजून भार आला नव्हता, म्हणूनच काम सोपे होते. स्लॅब ओतल्यानंतर हाच कॉलम फोडायचा तर आधी वरचा सगळा भार टेकूंवर घ्यावा लागला असता. सुटे काँक्रीट ठणठणीत भाग लागेपर्यंत छिन्नीने काढले, सळया घासल्या, जागा भिजवली आणि पुन्हा शटर लावून न आकसणारे मायक्रो काँक्रीट भरले. त्यावर सात दिवस ओली गोणपाटे ठेवली.

आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार शटर काढल्याबरोबर काँक्रीटची पाहणी करायची असते. ज्यांचे घर बांधले जात आहे, त्यांनी छपाईपूर्वी प्रत्येक कॉलमच्या पायथ्याचे फोटो इंजिनिअरकडे मागावेत, एवढीच माझी विनंती आहे. आमच्या त्या कॉलमचे फोटो रजिस्टरमध्ये चिकटवताना मिस्त्री शेजारी उभे होते आणि पुढच्या कॉलमच्या वेळी नीडल तळाला टेकल्याचे त्यांनीच मला हाक मारून दाखवले.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, नागपूर