तो परिच्छेद नेमका कुठल्या पायरीवर?

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मराठी शिकणाऱ्यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्याचा परिच्छेद मिळाला. आधी उत्तर सांगते, कारणं मागून. भाषा येण्याच्या सहा पायऱ्यांपैकी मी त्याला ए२, म्हणजे खालून दुसरी, देईन, त्यातही ए२च्या वरच्या अर्ध्यात ठेवीन. तू आठ ठिकाणी लाल रेघा मारून खाली लिहिलं आहेस, "इतक्या चुका, म्हणजे ए१च ना?" तिथेच माझं तुझ्याशी पटत नाही. तुझ्या शेजारी बसून वाचत आहे असं समजून परिच्छेद पुन्हा उतरवते:

"मागच्या महिन्यात मी माझा बहीणच्या घरी गेलो. तिची घर मोठा आहे. मी रेल्वेने गेलो कारण बस उशिरा येतो. रात्री पाऊस आला आणि आम्ही बाहेर गेलो नाही. मी पुस्तक वाचलो. मग वीज गेली. मुलं घाबरले म्हणून मी त्यांना गोष्ट सांगितला. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर जायचं होतं पण पाणी खूप होता. मला मजा आली. मी परत जाईन."

दहा वाक्यं, पंचावन्न शब्द. आता याच्या शेजारी मी बनवलेला दुसरा मजकूर ठेव: "मी शिक्षक आहे. मी शहरात राहतो. माझं घर लहान आहे. मला दोन मुलं आहेत. मला वाचायला आवडतं." यात एकही चूक नाही, आणि तरी हा ए१ आहे. रेघा मोजून पायरी ठरवली असती तर हा वर गेला असता आणि तुझा विद्यार्थी खाली. चूक न करणं सोपं असतं, येतं तेवढंच लिहावं! तुझ्या विद्यार्थ्याने मात्र त्याला पुरतं न येणारं सांगायचा प्रयत्न केला आहे. म्हणून मी पहिल्या वाचनात पेन हातात घेतच नाही. या लेखनाने काय साधलं, एवढंच बघते.

ते बघायची एक साधी युक्ती आहे. वाक्यांची जागा मनातल्या मनात बदलून बघायची. माझ्या त्या ए१च्या मजकुरात कुठलंही वाक्य कुठेही ठेव, काही बिघडत नाही. तुझ्या परिच्छेदात सुरुवातीची दोनतीन वाक्यं हलवता येतील. पण वीज जाते, मुलं घाबरतात, म्हणून गोष्ट सांगितली जाते, हा क्रम मोडला की अर्थच मोडतो. घटना एकीतून दुसरी निघते आहे आणि ते वाचणाऱ्याला कळतं आहे. जोडणारे शब्द मात्र साधेच आहेत: कारण, आणि, म्हणून, मग, पण. युरोप परिषदेने 2001 साली जी सहा पायऱ्यांची चौकट छापली, ए१पासून सी२पर्यंत, तिच्यात ए२च्या लेखनाचं वर्णन जवळपास हेच आहे. 'आणि', 'पण', 'कारण' अशा शब्दांनी जोडलेली साधी वाक्यं. बी१ला सलग, एकसंध मजकूर अपेक्षित असतो, आणि अनुभव सांगताना त्यावर आपल्याला काय वाटलं तेही यावं लागतं. इथे भावना म्हणून फक्त "मजा आली" आहे. मुलं घाबरली तेव्हा याला स्वतःला काय वाटलं, नदीवर जाणं हुकल्यावर काय वाटलं, काहीच नाही.

ही चौकट कुठल्याच एका भाषेसाठी लिहिलेली नाही. त्यामुळे सामान्यरूप किंवा नपुंसकलिंग असले शब्द तिच्यात सापडणार नाहीत. तिथे फक्त एवढं सापडेल की ए२चा लेखक काही साधी रूपं बरोबर वापरतो, पण काळांची सरमिसळ किंवा न जुळणारी रूपं अशा प्राथमिक चुका सातत्याने करतो, आणि तरीही त्याला काय म्हणायचं आहे ते बहुतेक वेळा कळतं. याचं मराठीत काय होतं ते आपणच बघायचं.

तर आता पेन घे. तुझ्या आठ रेघांपैकी पाच एकाच कारणाच्या आहेत: लिंग. 'तिची घर मोठा', 'बस येतो', 'मुलं घाबरले', 'गोष्ट सांगितला', 'पाणी होता'. एकाच घराला त्याने 'तिची' म्हणून स्त्रीलिंगी केलं आणि लगेच 'मोठा' म्हणून पुल्लिंगी. 'वीज गेली' आणि 'मजा आली' बरोबर आहेत, पण ती जोडी म्हणून कानावर पडलेली रूपं आहेत. जिथे नाम आणि क्रियापद त्याने स्वतः जोडलं, तिथे बहुतेक वेळा पुल्लिंगच आलं आहे. म्हणजे लिंग जुळवायचा नियम अजून त्याच्या हातात नाही. पण ती एक कच्ची बाजू झाली, तिला पाच वेळा शिक्षा नको. त्याच्या मूळ भाषेत दोनच लिंगं असतील, किंवा नसतीलच, तर तो बी१ला पोचल्यावरही नपुंसकलिंग त्याला सतावेल. ही चूक पायरीपेक्षा मूळ भाषेबद्दल जास्त सांगते, आणि मूळ भाषेला गुण द्यायचे नसतात, काढायचेही नसतात. उलट बाजूही आहे. ज्याची भाषा मराठीच्या जवळची आहे त्याला 'वातावरण', 'प्रयत्न' असे शब्द आयते मिळतात, आणि दोन भारदस्त शब्दांनी तपासणारा भुलतो.

सहावी रेघ 'पुस्तक वाचलो'. ही मला सगळ्यात बोलकी वाटते. 'मी गेलो' आणि 'मी वाचलं', दोन्हीकडे 'मी' तसाच राहतो. 'त्याने वाचलं' म्हणताना निदान 'ने' दिसतो, 'मी'त काहीच दिसत नाही, म्हणून शिकणारा क्रियापद 'मी'शी जुळवतो. त्यात 'मी शिकलो', 'मी विसरलो' हे बरोबर असतं, त्यामुळे गोंधळ वाढतो. पण दोन वाक्यं पुढे जा: 'मी त्यांना गोष्ट सांगितला'. इथे त्याने 'सांगितलो' लिहिलं नाही! लिंग चुकलं, पण क्रियापद 'मी'शी जुळवायचं नाही हे त्याला इथे जाणवलं आहे. एकाच परिच्छेदात एकदा चुकलेलं आणि एकदा अर्धं जमलेलं रूप दिसलं, की तो नियम सध्या शिकण्याच्या वाटेवर आहे असं मी मानते. दोन्हीकडे सारखं चुकलं असतं तर तसं म्हटलं नसतं.

सातवी रेघ 'आम्ही नदीवर जायचं होतं'. 'आम्हाला' हवं होतं. आता खालचं 'मला मजा आली' बघ, तिथे 'मला' अगदी बरोबर आहे. मग 'मला', 'आम्हाला' ही रचना त्याला येते की नाही? माझ्या मते अजून नाही. 'मला मजा आली' हे त्याने अख्खं पाठ केलेलं वाक्य आहे, सगळेच शिकणारे ते पहिल्या काही धड्यांत उचलतात. स्वतः वाक्य घडवायची वेळ आली तेव्हा 'आम्ही' आलं. पुरावा तो धरायचा. मोडक्या वाक्यांमध्ये एखादं सुबक वाक्य दिसलं की मी नेहमी विचारते, हीच रचना दुसऱ्या शब्दांनी आणखी कुठे आली आहे का? आली असेल तर ती त्याची. नसेल तर उधारीची.

आठवी, 'माझा बहीणच्या', सामान्यरूपाची. तिच्यावर फार वेळ घालवत नाही. 'महिन्यात', 'नदीवर', 'रेल्वेने' ही रूपं जमली आहेत, 'बहिणीच्या'तला बदल तेवढा राहिला. ऱ्हस्व-दीर्घाला मी हात लावत नाही. तिथे आपण मराठी माणसंही धड नसतो.

आता तू रेघ मारलेली नाहीस त्या जागा. पूर्ण परिच्छेदात काळ एकदाही घसरलेला नाही. गोष्ट भूतकाळात, घराचं वर्णन आणि बसची सवय वर्तमानात, शेवटचा बेत भविष्यात. अपुरा राहिलेला बेतही, 'जायचं होतं पण', त्याने सांगितला आहे. ए१चा माणूस हे करत नाही, आणि ए२च्या खालच्या अर्ध्यात काळांची सरमिसळ हमखास दिसते. म्हणून मी याला वरच्या अर्ध्यात ठेवलं.

बी१ का नाही, हे मी स्वतःला वेगळं विचारते. पायरी ठरली असं वाटलं की खालची का नाही आणि वरची का नाही, दोन्हींची उत्तरं लेखनातली जागा दाखवून देता आली पाहिजेत. बी१च्या लेखकाने तीच रात्र अशी सांगितली असती: "वीज गेल्यावर मुलं घाबरली. मलाही थोडी भीती वाटली, पण त्यांना धीर द्यायला मी एक गोष्ट सांगितली." यातही एखादी चूक चालली असती. पण 'गेल्यावर', 'द्यायला' अशी एक घटना दुसरीत गुंफणारी रूपं आली असती. तुझ्या परिच्छेदात 'गेल्यावर' नाही, 'वाचून', 'बसून' नाही, 'जेव्हा', 'जर' नाही. प्रत्येक वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे.

अर्थात, दिसलं नाही म्हणजे येत नाही असं नाही. या मजकुराची मर्यादा हीच आहे. "सुट्टीत काय केलंत?" या प्रश्नाला 'जर' लागतच नाही, मत मांडावं लागत नाही, कुणाचं म्हणणं खोडावं लागत नाही. पंचावन्न शब्दांतून तो किमान कुठे उभा आहे ते कळतं, जास्तीत जास्त कुठवर जाईल ते नाही. म्हणून निकालात 'ए२, वरचा अर्धा, एकाच छोट्या नमुन्यावरून' असंच लिही. तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या शिक्षिकेला तोच परिच्छेद रेघा पुसून दे, आणि तुझी पायरी आधी सांगू नकोस. दोघींमध्ये एका पायरीचा फरक पडला तर एकत्र बसून कुठल्या वाक्यावरून फरक पडला ते शोधा, मधली पायरी काढून मोकळ्या होऊ नका.

आणि त्याला दुसरा विषय दे: "बहिणीकडे पुन्हा जायचं ठरलं, पण पाऊस थांबत नाही. जावं की नाही, का, आणि गेलात तर या वेळी काय वेगळं कराल, ते बहिणीला लिहून कळवा." दीडशेएक शब्द, शब्दकोश बंद, अर्धा तास. यात कारण द्यावं लागेल, 'जर' लागेल, 'आम्हाला' आणि 'तुला' लागतील, 'वाचलं', 'सांगितलं'ची पुन्हा परीक्षा होईल. त्याचं लेखन आलं की मला पाठव, या वेळी रेघा न मारता.

तुझी,
मावशी